पॉपर्स : एका श्वासात रक्तदाब का कोसळतो?

डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीएवढी छोटीशी बाटली असते. वर भडक रंगाचे लेबल आणि त्यावर ‘खोलीत सुगंध पसरवण्यासाठी’ किंवा ‘चामडे साफ करण्यासाठी’ असे काहीतरी छापलेले असते. झाकण उघडले, की कुणाला जास्त पिकलेल्या फळासारखा, तर कुणाला घामट मोज्यांसारखा वास येतो. चामडे साफ करायला ती कुणी घेत नाही, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही पक्के ठाऊक असते. ही बाटली नाकाशी धरून हुंगायची असते. तिला ‘पॉपर्स’ म्हणतात आणि तिच्यात अल्किल नायट्राइट या गटातला, हवा लागताच वाफ होणारा द्रव असतो. युरोप-अमेरिकेतल्या नृत्यगृहांत ती १९७०च्या दशकापासून फिरते आहे. आधी प्रामुख्याने समलिंगी पुरुषांमध्ये आणि पुढे इतरांमध्येही तिचा वापर पसरला. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या खासगी पार्ट्यांनाही ती आता अनोळखी राहिलेली नाही.

हुंगल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत चेहरा आणि मान गरम होते, छाती धडधडू लागते, डोके हलके झाल्यासारखे वाटते. अंगभर एक उबदार लाट गेल्याचा भास होतो. शरीरातले काही अनैच्छिक स्नायू सैल पडतात, म्हणून संभोगाच्या वेळीही ती वापरली जाते. दोन-तीन मिनिटांत सारे ओसरते आणि मागे राहते ते ठणकणारे डोके. बरेच जण मग म्हणतात, ‘माल भेसळीचा होता.’ कधी भेसळ असेलही. पण डोके दुखायला तिची गरज नाही. ती उबदार लाट, ती डोकेदुखी, ती चक्कर आणि क्वचित प्रसंगी जमिनीवर कोसळणारा माणूस, या चारही गोष्टींचे मूळ एकच आहे. रक्तवाहिन्या एकाएकी सैल पडतात. फरक असतो तो किती आणि किती वेळ, एवढाच.

औषध म्हणून आलेली वाफ

हा द्रव मुळात नशेसाठी जन्माला आलेला नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बालार यांनी १८४४ मध्ये अमिल नायट्राइट तयार केले. पुढे १८५९ मध्ये फ्रेडरिक गथ्री यांनी नोंदवले, की याची वाफ हुंगली की चेहरा लाल होतो आणि मानेतल्या धमन्या थडथड उडू लागतात. ही नोंद काही वर्षे गंमत म्हणूनच पडून राहिली. तिचा उपयोग केला तो एडिंबरामधल्या रॉयल इन्फर्मरीतल्या एका तरुण डॉक्टरने. त्याचे नाव थॉमस लॉडर ब्रंटन आणि वय अवघे तेवीस.

त्याच्या वॉर्डात अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत कळ येणारे रुग्ण होते. रात्री-अपरात्री त्यांना कळा येत. ब्रंटन उशाशी बसून त्या वेळची त्यांची नाडी यंत्रावर उमटवून घेत असे. कळ येते तेव्हा रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला दिसतो आणि थोडे रक्त काढले तर रुग्णाला बरे वाटते, असे त्याच्या ध्यानात आले. अमिल नायट्राइटने रक्तदाब उतरतो, हे त्याचा सहकारी आर्थर गॅम्जी याने प्राण्यांवर पाहिले होते. ब्रंटनने दोन्ही गोष्टी जोडल्या. कापडावर पाच ते दहा थेंब टाकून त्याने ते रुग्णाच्या नाकाशी धरले. तीस ते साठ सेकंदांत चेहरा लाल झाला आणि त्याच क्षणी छातीतली कळ नाहीशी झाली. १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याने हे प्रसिद्ध केले. रक्तदाब उतरतो हा तिथे औषधाचा दुष्परिणाम नव्हता. तेच औषधाचे काम होते.

पुढे हे औषध काचेच्या नाजूक कुप्यांत, कापडाच्या वेष्टनात मिळू लागले. कळ आली की कुपी बोटांनी दाबून फोडायची आणि हुंगायची. फुटताना ‘पॉप’ असा आवाज व्हायचा, त्यावरूनच पॉपर्स हे नाव आले. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी ही याच घराण्यातली. ती घेतल्यावर डोके भणभणते, अशी तक्रार अनेक ज्येष्ठांकडून घरच्यांनी ऐकलेली असते. पॉपर्स हुंगणाऱ्या तरुणाचे डोके आणि सॉर्बिट्रेट घेणाऱ्या आजोबांचे डोके अगदी एकाच कारणाने दुखते.

नळी सैल पडते म्हणजे काय होते?

रक्तवाहिनी ही प्लास्टिकच्या नळीसारखी निर्जीव नसते. तिच्या भिंतीत स्नायूंचे कडे असते आणि ते सतत थोडे आवळलेले असते. या आवळण्यामुळेच रक्तदाब टिकून राहतो. नायट्राइटची वाफ फुप्फुसांतून थेट रक्तात उतरते आणि तिच्यापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. हा वायू आपल्या शरीरात एरवीही तयार होत असतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर तो थोडा थोडा सोडते आणि स्नायूला ‘जरा सैल हो’ असा निरोप पोचवते. हा निरोप शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. पॉपर्समध्ये हाच निरोप शरीराच्या परवानगीवाचून, एकदम आणि सगळीकडे जातो.

स्नायूच्या पेशीत नायट्रिक ऑक्साइड शिरले, की तिथे सीजीएमपी नावाचा रेणू तयार होतो आणि तो स्नायूचे आवळणे सोडवतो. मग नळी रुंदावते. रुंदी थोडीशीच वाढली तरी परिणाम मोठा होतो, कारण नळीचा अडथळा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. बारीक धमनीची त्रिज्या फक्त दहा टक्क्यांनी वाढली, तर रक्ताला होणारा अडथळा सुमारे एक तृतीयांशाने घटतो. हेच लाखो बारीक धमन्यांत एकाच वेळी झाले, तर रक्तदाब उतरणारच.

पण अधिक मोठा खेळ चालतो तो शिरांमध्ये. कोणत्याही क्षणी आपले साधारण दोन तृतीयांश रक्त शिरांत असते. त्या शरीराच्या पाण्याच्या टाक्याच म्हणा. नायट्राइटने त्यांच्या भिंती सैल पडल्या, की त्यांत आणखी रक्त साठते आणि हृदयाकडे परत येणारा ओघ आटतो. पंप कितीही चांगला असला तरी विहिरीत पाणीच कमी आले, तर तो काय उपसणार?

हे सारे घडत असताना मानेतल्या आणि महाधमनीतल्या, दाब ओळखणाऱ्या संवेदकांना घसरण कळते. ते मेंदूला खबर देतात आणि मेंदू हृदयाला दामटतो. म्हणून ती धडधड होते. सत्तरच्या आसपास असणारी नाडी शंभराच्या वर जाते. हुंगणाऱ्याला हे ‘चढल्याचे’ लक्षण वाटते. प्रत्यक्षात घसरता दाब सावरण्यासाठी शरीराची चाललेली ती धावपळ असते.

ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये नशेच्या पदार्थांवर सरसकट बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा सरकारच्या सल्लागार मंडळापुढे नेमका हाच प्रश्न होता. मंडळाचे मत पडले, की पॉपर्स मेंदूवर थेट काम करत नाहीत. जे जाणवते ते रक्तवाहिन्यांतल्या बदलाचे पडसाद असतात, म्हणून हा पदार्थ त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. दारूची नशा आणि दारूने होणारी यकृताची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉपर्समध्ये मौज आणि धोका यांत असे अंतर नाही. ‘डोके दुखणार नाही असा चांगला ब्रँड’ शोधणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की रक्तवाहिन्या न सैलावणारी बाटली मिळालीच, तर तिच्यात पॉपर्स नसतील.

डोके का ठणकते?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. पण त्याच्यावरची आवरणे आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या फार हळव्या असतात. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे तंतू त्यांच्याभोवती वेलीसारखे गुंडाळलेले असतात. नायट्रिक ऑक्साइडने या वाहिन्या फुगतात आणि प्रत्येक ठोक्यागणिक ताणल्या जातात. शिवाय हा वायू त्या तंतूंनाही चिथावतो, त्यामुळे एरवी न जाणवणारा ताण दुखू लागतो. म्हणून ही डोकेदुखी कपाळाच्या आणि कानशिलांच्या दोन्ही बाजूंना, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणठणणारी असते. वाकले की वाढते, अंधारात शांत पडून राहिले की उतरते.

ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात या पहिल्या ठणक्यानंतर काही तासांनी खरीखुरी अर्धशिशी उठू शकते. मळमळ, उजेड नकोसा होणे, एका बाजूचे डोके, सगळे साग्रसंगीत. अर्धशिशीवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ प्रयोगासाठी अर्धशिशी उठवायची असली, तर स्वयंसेवकांना नायट्रोग्लिसरिनच देतात, इतके हे नाते पक्के आहे. त्यामुळे रात्री हुंगले आणि सकाळी डोके फुटायची वेळ आली, तर ती दारूची उतरंडच असेल असे नाही.

याच संदर्भात डायनामाइटच्या कारखान्यांची आठवण मोठी बोलकी आहे. तिथे कामगारांच्या श्वासात आणि कातडीतून नायट्रोग्लिसरिन जायचे. सोमवारी कामावर आले की त्यांचे डोके भयंकर दुखायचे. शरीर सरावले, की आठवडाभर दुखणे कमी व्हायचे. रविवारच्या सुट्टीत सराव मोडला, की पुन्हा सोमवार उजाडायचा. काही जण तर सराव टिकवायला टोपीच्या पट्टीला थोडे नायट्रोग्लिसरिन लावून घरी नेत असत. ज्या आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवले, त्यांनाच आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरिन लिहून दिले, हा त्यातला आणखी एक योगायोग.

चक्कर आणि ‘ती’ गोळी

आता चक्करेकडे येऊ. आपण बसलेले किंवा पडलेले असताना उठून उभे राहिलो, की सुमारे अर्धा लिटर रक्त पाय आणि पोटाकडे ओढले जाते. निरोगी शरीर लगेच शिरा आवळून हे सावरते, म्हणून आपल्याला काही कळत नाही. पॉपर्सच्या अमलाखाली नेमके हे आवळणेच बंद पडलेले असते. मेंदू हृदयाच्या वर आहे, तिथे रक्त चढवायला दाब लागतो. दाब पुरेसा नसला की डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत शिट्टी वाजते. मेंदूचा रक्तपुरवठा साफ थांबला, तर माणूस दहा सेकंदांच्या आतच शुद्ध हरपतो. पॉपर्स हुंगून पडलेल्यांपैकी बरेच जण हुंगताना नव्हे, तर हुंगल्यावर उठताना पडतात. बाथरूमच्या लादीवर, पलंगाच्या कडेवर, जिन्यात.

तरुण, निरोगी माणसात ही घसरण एक-दोन मिनिटांत आपसूक सावरते. धोका खरा वाढतो तो दुसरी एखादी गोष्ट सोबत असली तर. ही दुसरी गोष्ट बहुतेक वेळा लैंगिक ताठरतेसाठी घेतलेली गोळी असते, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल. दोन्ही प्रकार एकाच प्रसंगी वापरले जातात, त्यामुळे ते एकत्र येणे हा अपघात नसतो. तो जवळजवळ ठरलेला योग असतो.

या गोळ्यांचे काम समजायला वर आलेला सीजीएमपी पुन्हा आठवावा लागेल. तो तयार होतो तसाच मोडलाही जातो आणि तो मोडणाऱ्या एन्झाइमचे नाव पीडीई-५. हा झाला शरीराचा ब्रेक. गोळी हा ब्रेकच निकामी करते. मोरीचे उदाहरण घ्या. पॉपर्स म्हणजे पूर्ण सोडलेला नळ, पीडीई-५ म्हणजे मोरीचे भोक आणि गोळी म्हणजे त्या भोकात अडकलेले फडके. नुसता नळ सोडला तरी पाणी वाहून जाते. नुसते फडके असले आणि नळ ठिबकत असला तरी मोरी भरत नाही. दोन्ही एकदम झाले, की पाणी घरात येते.

एक प्रसंग कल्पून पाहू. अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. रक्तदाबासाठी रोज अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेतात, दाब १२६/७८ असा छान आटोक्यात आहे. शनिवारी रात्री दहाला त्यांनी टॅडालाफिलची २० मिलिग्रॅमची गोळी घेतली. रविवारी दुपारी चारला एका मित्राच्या घरी दोन बिअर झाल्या आणि बाटली हाती आली. कालच्या गोळीचा विचार त्यांच्या मनातही नाही. ती ‘कालची’ आहे. पण टॅडालाफिल रक्तातून निम्मे व्हायला साधारण साडेसतरा तास लागतात. म्हणजे अठरा तासांनीही त्यांच्या रक्तात जवळजवळ १० मिलिग्रॅमच्या गोळीइतके औषध फिरते आहे आणि ब्रेक अजून निकामी आहे.

ते बसल्या बसल्या दोनदा खोल हुंगतात. विसाव्या सेकंदाच्या सुमारास चेहरा लाल होतो. वरचा दाब १२६ वरून नव्वदीत येतो आणि नाडी सव्वाशेकडे धावते. एरवी हा आकडा मिनिटभरात वर चढू लागला असता. आज सीजीएमपी मोडला जात नसल्याने तो तिथेच रेंगाळतो. अॅम्लोडिपिनने धमन्या आधीच सैल आहेत, दारूने आणखी थोड्या. ‘जरा कसेतरी होतेय, पाणी पितो,’ म्हणत ते उठतात. आता वरचा दाब साठच्या आसपास जातो. दोन पावलांत चेहरा लालचा पांढराफटक होतो, कपाळावर थंड घाम येतो आणि ते कोसळतात. पडल्यावर हात-पाय दोन-चार वेळा झटकतात.

इथे सोबतच्यांकडून हमखास तीन चुका होतात. पहिली म्हणजे त्या झटक्यांना ‘फिट’ समजून कांदा किंवा चप्पल हुंगवणे. हे झटके अपस्माराचे नाहीत. मेंदूला क्षणभर रक्त न मिळाल्याने ते येतात. दुसरी चूक, उचलून खुर्चीत बसवणे. बसवले की मेंदू पुन्हा हृदयाच्या वर जातो आणि होते ते बिघडते. त्यांना आहेत तिथेच सपाट निजवायचे आणि पाय उशांवर किंवा खुर्चीवर उंच ठेवायचे. पायांतले रक्त हृदयाकडे परत येणे हाच तिथला पहिला उपचार आहे. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल, तर कुशीवर वळवायचे. खिडक्या उघडायच्या आणि बाटली झाकण लावून दूर ठेवायची. ही वाफ पेट घेणारी असते, त्यामुळे जवळ सिगारेट नको.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते आणि ती चांगल्या हेतूने होते. शुद्धीवर आलेला माणूस म्हणतो, ‘छातीत दाटल्यासारखे वाटतेय.’ कुणीतरी लगबगीने शेजारच्या काकांकडून सॉर्बिट्रेट आणते आणि जिभेखाली ठेवते. म्हणजे तुंबलेल्या मोरीवर दुसरा नळ. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त भरते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत आणि तेही दाबाच्या जोरावर. दाब कोसळला आणि नाडी धावू लागली, की ही विश्रांती आखडते. एखादी धमनी आधीपासून अरुंद असेल, तर हृदयविकाराचा झटका इथेच येऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास नायट्रेटचे औषध द्यायचे नाही, असा हृदयरोगतज्ज्ञांचा नियम आहे तो यासाठी. पॉपर्सला तर हा हिशेबही लावू नये, कारण किती वाफ आत गेली हे कुणी मोजलेले नसते. सिल्डेनाफिलच्या माहितीपत्रकात निषिद्ध गोष्टींत अमिल नायट्राइटचे नाव आहेच. मात्र आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठीशिवाय, सुट्या, कागदाच्या पुडीतून हाती पडतात. माहितीपत्रक वाचणार कोण?

यात आणखी एक फसगत आहे. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल मिसळलेले असल्याचे निरनिराळ्या देशांतल्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. त्यामुळे ‘मी काही गोळीबिळी घेतली नाही’ हे उत्तर प्रामाणिक असूनही चुकीचे असू शकते.

असा माणूस सपाट निजवून पाच मिनिटांत नीट सावध झाला नाही, छातीत दुखत राहिले, पडताना डोक्याला मार लागला किंवा तो हृदयरोगी असला, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. तिथे सलाईन देतात, ईसीजी काढतात आणि गरज पडली तर रक्तवाहिन्या आवळणारे औषध शिरेतून देतात. सीजीएमपीची साखळी उलटवणारा उतारा नाही, पण शरीर पूर्ववत होईपर्यंत दाब धरून ठेवता येतो. मात्र डॉक्टरला खरे सांगितले पाहिजे. लाजेपोटी ‘जेवल्यावर चक्कर आली’ असे सांगितले आणि छातीदुखीची तक्रार असली, तर अपघात विभागातला डॉक्टरही सरळमार्गी विचार करून नायट्रेटच देण्याची शक्यता असते. त्याला दोन वाक्ये पुरतात. ‘पॉपर्स हुंगले होते’ आणि ‘अमुक वाजता अमुक गोळी घेतली होती.’ आणखी काही विचारण्याचे त्याला कारण नाही, आणि पोलिसी चौकशीच्या सुरात त्याने ते विचारूही नये.

निळे ओठ, तपकिरी रक्त

डोकेदुखी आणि चक्कर याच तक्रारींमागे एक दुसरे कारणही दडलेले असू शकते आणि ते ओळखायला वेगळी नजर लागते. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते. बदललेले हे मेथहिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेत नाही. थोडे हुंगल्याने ते फारसे वाढत नाही. वारंवार हुंगल्याने वाढू शकते. बाटली पोटात गेली तर मात्र ते झपाट्याने जिवावर बेतते. बाटल्या दिसायला एनर्जी ड्रिंकच्या छोट्या बाटल्यांसारख्या असल्याने त्या पिऊन टाकल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये याबद्दल लोकांना मुद्दाम सावध केले होते.

नुसत्या दाबाच्या घसरणीत माणूस निजवला की मिनिटांत सुधारतो. इथे तो सुधारत नाही. डोके दुखत राहते, धाप लागते, ओठ आणि नखे निळसर-राखाडी दिसू लागतात. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर पंच्याऐंशीच्या आसपास अडून राहतो आणि मास्कने कितीही प्राणवायू दिला तरी आकडा हलत नाही. या यंत्राला बदललेले हिमोग्लोबिन ओळखताच येत नाही, म्हणून ते गोंधळून तिथेच थांबते. खात्रीसाठी रक्तवायूंची विशेष तपासणी असते. पण ती हाताशी नसली, तर एक साधी खूण उपयोगी पडते. रक्ताचा थेंब पांढऱ्या गॉजवर टाकायचा. शिरेतले साधे काळपट रक्त हवा लागली की लालसर होते. मेथहिमोग्लोबिन असलेले रक्त चॉकलेटी असते आणि चॉकलेटीच राहते.

यावर मात्र उतारा आहे. मिथिलीन ब्ल्यू हे गडद निळे औषध, वजनाच्या दर किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम या प्रमाणात, पाचेक मिनिटे घेऊन शिरेतून हळूहळू देतात. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना ते चालत नाही. उलट त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून कुटुंबात तसे कुणी असल्यास ते आधीच सांगावे लागते. बाकी रुग्णांत बहुधा तासाभरात रक्त पुन्हा लाल होते, ओठांचा रंग परततो. मग दिवसभर लघवी हिरवट-निळी होते. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवले नाही, तर वॉर्डात दुसरीच धावपळ उडते.